सातव्या घरातला रुचक

मी भूगोलाचा मास्तर. नोकरी संपून बरीच वर्षं झाली, तरी गल्लीत, नात्यात आणि बहिणीच्या सासरी मला मास्तर म्हणूनच ओळखतात. पत्रिका बघणं हा माझा छंद. वडिलांकडून शिकलो. कधी कुणाकडून काही घेतलं नाही, कुणाला घाबरवलं नाही, आणि कुणाला खोटं सांगितलं नाही, असं मी सांगत आलो. त्यात एका पत्रिकेचा अपवाद होता. ती माझ्या धाकट्या बहिणीची. त्या पत्रिकेबद्दल जे खरं आहे ते आता सगळ्यांसमोर बोलून झालं आहे, म्हणून लिहायलाही हरकत नाही.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी दाजी माझ्याकडे आले. दाजी म्हणजे या बहिणीचे यजमान. उत्तरेश्वर पेठेत त्यांची पिठाची गिरणी होती. आता पंच्याहत्तरीला आलेत, पण आवाज अजून गिरणी चालू असल्यासारखाच. दारातूनच म्हणाले, "मास्तर, च्या नको. आधी हे बघा."

हातात एक छापील पत्रिका होती. त्यांच्या नातवानं एक मुलगी पसंत केली होती. दोघं गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात बरोबर काम करतात. हा डिझाइन करतो, ती कास्टिंग तपासते. मुलगी कागलची. घरच्यांची भेट झाली होती, मुलगी सगळ्यांना आवडली होती, दाजींनासुद्धा. तिच्या वडिलांनी मागितल्याबरोबर पत्रिका दिली होती. आणि दाजींनी ती माझ्याकडे यायच्या आधीच कोपऱ्यावरच्या एका ज्योतिषाला दाखवली होती.

"मंगळ हाय," दाजी म्हणाले. "सातव्यात."

मी चष्मा लावला. वृषभ लग्न, म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवत होती ती रास वृषभ. लग्नापासून सातवी रास वृश्चिक, आणि वृश्चिकेत मंगळ, एकटा. रवी लांब, म्हणजे मंगळ अस्तंगत नाही, त्याच्या तेजात झाकलेला नाही. वृश्चिक ही मंगळाची स्वतःची रास.

"दाजी, हा रुचक योग आहे," मी म्हणालो.

"ते काय असतंय?"

"पंचमहापुरुष योगांपैकी एक. मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी या पाचांपैकी एखादा ग्रह स्वतःच्या राशीत किंवा उच्च राशीत असला, आणि ती रास लग्नापासून पहिल्या, चौथ्या, सातव्या किंवा दहाव्या घरात पडली, म्हणजे केंद्रात आली, की तो योग होतो. मंगळाचा रुचक, बुधाचा भद्र, गुरूचा हंस, शुक्राचा मालव्य, शनीचा शश. मुलगी धीराची असणार. अंगावर आलं तर मागं हटायची नाही."

"ते दिसतंयच की. कारखान्यात पुरुषांना झापते म्हणं." दाजी खूश झाल्यासारखे वाटले, मग लगेच चेहरा उतरला. "पण मंगळ तो मंगळच न्हवं? सातव्यातला. पोराचं काय बरंवाईट झालं तर? मास्तर, आमच्या घरात आजवर मंगळ आला न्हाई. तुमच्या बहिणीची पत्रिका तुम्हीच केलीती. निर्मळ. म्हणून मी आज तुमच्यासमोर उभा हाय. ह्या लग्नाला मी न्हाई म्हणून सांगणार."

मी त्यांना थांबवलं नाही. ते पत्रिका घडी करून खिशात घालून निघून गेले.

रुचक योगाचं एक विचित्र आहे, ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या आणि बाराव्या घरात मंगळ असला की 'मंगळ आहे' म्हणतात. रुचक होतो पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्यात. म्हणजे दहावं घर सोडलं तर रुचक जिथं जिथं होतो, तिथं तिथं मंगळही लागतो. ग्रह तोच, घर तेच. मुलाच्या पत्रिकेत दिसला की बाप म्हणतो, पोरगं फौजदार होणार. मुलीच्या पत्रिकेत दिसला की आई पदरानं डोळे पुसते. खरं तर मंगळ स्वराशीत किंवा उच्चीचा असला तर दोष धरू नये, हेही त्याच शास्त्रात सांगितलं आहे. गुरूची दृष्टी असेल तर आणखीच नाही. पण स्थळ बघायला निघालेली माणसं एवढं ऐकायला थांबत नाहीत. 'सातव्यात मंगळ' एवढे दोन शब्द कानावर पडले की चहाचा कप खाली ठेवतात.

माझ्या बहिणीच्या पत्रिकेत तसंच होतं. किंबहुना त्याहून जास्त होतं.

तिचा जन्म चैत्रातला, भर दुपारचा, कोल्हापुरातल्याच दवाखान्यातला. वेळ दवाखान्याच्या घड्याळावर बघून वडिलांनी टिपलेली, दीड वाजून गेल्यावरची. मी तेव्हा लहान होतो. पुढं पत्रिका शिकायला बसलो तेव्हा वडिलांनी मला सरावासाठी तीच पहिल्यांदा मांडायला दिली. कर्क लग्न, शेवटचे काही अंश. लग्नातच गुरू, आणि गुरू कर्केत उच्चीचा. म्हणजे हंस योग. समोर सातव्यात मकर रास, तिथं मंगळ, तोही उच्चीचा. म्हणजे रुचक. आणि लग्नातल्या गुरूची पूर्ण दृष्टी सातव्यातल्या मंगळावर. एका पत्रिकेत दोन महापुरुष समोरासमोर बसलेले. वडील कागदाकडे बघून म्हणाले, "पोरगी म्हणून जन्माला आली. नाहीतर..." 

हे फार दुर्मीळ असतं असं मी म्हणणार नाही. लोकांना महापुरुष म्हटलं की लाखात एक वाटतो. शनीचं उदाहरण घ्या. शनी तुळेत उच्चीचा असतो, आणि एका राशीत साधारण अडीच वर्षं राहतो. त्या काळात मेष, कर्क, तूळ किंवा मकर लग्नावर जन्मलेल्या प्रत्येकाला शश योग. बारातली चार लग्नं, म्हणजे जवळजवळ दर तिसरं मूल. सगळे काही राजे होत नाहीत. बुधाचं उलट. तो रवीपासून फार लांब जातच नाही, त्यामुळे भद्र योग झाला तरी पुष्कळदा बुध रवीच्या तेजात बुडालेला असतो. योगाची ताकद अंशांवर, दृष्टीवर, आणि त्या ग्रहाची दशा आयुष्यात कधी येते यावर ठरते. तरीही उच्चीचे दोन ग्रह, दोन्ही केंद्रात, एकमेकांसमोर, आणि दोन्ही रवीपासून दूर, हे मी पुढच्या पन्नास वर्षांत फारसं पाहिलं नाही.

बहिणीचं लग्नाचं वय झालं तेव्हा मी नुकता हायस्कूलला मास्तर म्हणून लागलो होतो. पहिलं स्थळ जयसिंगपूरचं आलं. माणसं चांगली, मुलगा बँकेत. पत्रिका गेली आणि चार दिवसांत परत आली. दुसरं हातकणंगल्याचं, तेही तसंच. दोन्ही वेळा वडिलांनी घरात सांगितलं, गुण जुळले नाहीत. आईला आणि बहिणीला मंगळाबद्दल सांगितलंच नाही. मला मात्र बाजूला घेऊन म्हणाले, "तुला गणित येतं. काहीतरी कर. मला विचारू नकोस काय केलंस ते."

मी केलं ते असं.

कोल्हापूरचा रेखांश साधारण सव्वा चौऱ्याहत्तर. आपल्या घड्याळातली वेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची. एका रेखांशाला चार मिनिटं, म्हणजे कोल्हापूरची खरी स्थानिक वेळ घड्याळाच्या तेहेतीस मिनिटं मागं. लग्न काढताना घड्याळाच्या वेळेतून ही तेहेतीस मिनिटं आधी वजा करावी लागतात. ती वजा केली तर बहिणीचं जन्मलग्न कर्केच्या शेवटी येतं. ती वजा न करता तशीच गणितं पुढं नेली, तर लग्न सात-आठ अंश पुढं सरकतं आणि सिंहेत जातं.

मी वजाबाकी केली नाही. बस्स, एवढंच.

सिंह लग्न झालं आणि मकर सहाव्या घरात गेली. मंगळ सहाव्यात. सहाव्या घराला मंगळाचा दोष नाही. जन्मवेळ मी खरी तीच लिहिली, ग्रह खरे तेच, चंद्र अनुराधा नक्षत्रात होता तो तिथंच. गुणमेलन चंद्राच्या नक्षत्रावरून होतं, त्यामुळे गुणसुद्धा खरे तेच राहिले. कुणी पकडलं असतं तर 'रेखांशाचा संस्कार करायचा राहिला' म्हणता आलं असतं. त्याच आठवड्यात मी नववीच्या वर्गात फळ्यावर रेखांश आणि स्थानिक वेळेचं गणित घातलं होतं, आणि ज्या मुलाचं चुकलं त्याला उभं केलं होतं.

मंगळ घालवायला गेलो, आणि गुरूही गेला. कर्क रास आता बाराव्या घरात आली, केंद्राबाहेर. हंस नाही, रुचक नाही. दोन्ही महापुरुष एका न केलेल्या वजाबाकीत उठून गेले.

मी ती नवी पत्रिका शाईनं लिहून काढत होतो तेव्हा बहीण मागं येऊन उभी राहिली. तिच्या हातात ओला कपडा होता, पाणी टपकत होतं. तिनं विचारलं, "दादा, माझ्या पत्रिकेत काय आहे रे?"

मी म्हणालो, "काही विशेष नाही. साधी आहे."

ती "बरं" म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

गणितातली लबाडी मी स्वतःला माफ केली असती. तिचं लग्न व्हायला हवं होतं, आणि झालं. हे वाक्य मात्र मला कधी माफ करता आलं नाही. शिक्षिकेच्या कोर्सला तिचा नंबर लागला होता. लग्न ठरल्यावर तिनं तो सोडला. कुणीतरी विचारलं तर सहज म्हणाली, "आमच्या नशिबात कुठलं एवढं." ती हसून म्हणाली होती. पण मी ते ऐकलं होतं.

पुढं दाजींचं पोट अचानक दुखायला लागलं, अपेंडिक्स फुटलं. त्यांना दवाखान्यात ठेवलं त्या दिवसांत मी बाकावर बसून मंगळाचा जप करत होतो. माझ्या मनात एकच होतं: हा लपवलेला मंगळ आता उठला. दाजी बरे झाले, पण बरेच दिवस जड काम करायचं नाही असं ठरलं. गिरणी बंद ठेवायची वेळ आली. बहिणीनं ठेवली नाही. सहा महिन्यांत ती पट्टा बदलायला शिकली, मोटर खोलायला शिकली. गिरणीचे दगड गुळगुळीत झाले की त्यांना छिन्नीनं टाकी लावावी लागते; ते काम करणारा माणूस चार दिवस लावायचा, म्हणून तेही स्वतः करायला लागली. पदर खोचून, डोळ्यांना जुना चष्मा लावून ती दगडावर छिन्नी मारताना मी पाहिली आहे. पंचगंगेला मोठं पाणी आलं, तेव्हा पेठेतली म्हातारी माणसं आधी आणि सामान नंतर, हे तिनं गुडघाभर पाण्यात उभी राहून नावाड्यांना ओरडून सांगितलं, आणि त्यांनी ऐकलं. पेठेतल्या कितीक बायका सासरची भांडणं घेऊन तिच्याकडे येतात. ती कुणाची बाजू घेत नाही, आणि तिनं सांगितलेलं कुणी मोडत नाही.

मी ते सगळं बघायचो आणि मनात म्हणायचो, रुचक. हंस. आणि गप्प बसायचो.

त्या सकाळी दाजी माझ्याकडून निघून गेल्यावर मी जेवलो नाही. दुपारी रिक्षा करून उत्तरेश्वरला गेलो. वाटेत मी ठरवत होतो की बोलायचं कसं, आधी काय, नंतर काय. दारात पोचलो तेव्हा आतून आवाज येत होते. नातू घरी आला होता.

"आबा, तुम्ही तिला भेटलाय. तुम्हीच म्हणालात, पोरगी वाघ हाय म्हणून."

"म्हटलं. वाघ हाय म्हणूनच म्हणतोय. तू काय एवढा मोठा शिकारी लागून गेलास?"

"मी दुसरीकडं करणार नाही."

"मग नको करूस. जित्ता तरी ऱ्हाशील."

बहीण कोथिंबीर निवडत बसली होती. मला बघून म्हणाली, "ये दादा. ह्यांचं सकाळपास्नं हेच चाललंय. तूच सांग जरा. तुझंच ऐकतील."

 मी खुर्चीवर बसलो आणि सरळ दाजींकडे बघून म्हणालो, "दाजी, तुमच्या घरात मंगळ आला नाही असं तुम्ही सकाळी म्हणालात. आला आहे. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीच आला आहे. सातव्यात."

 मग मी सगळं सांगितलं. जयसिंगपूर, हातकणंगले, तेहेतीस मिनिटं, सिंह लग्न. वडिलांचं नाव मी मध्ये आणलं नाही. ते गेले, आणि हात माझा होता.

दाजींनी नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाले, "न्हाई पटत."

"काय नाही पटत?"

"तुम्ही आत्ता लबाडी करताय, मास्तर. नातवाचं जमावं म्हणून. तवा लबाडी केली न्हवती, आत्ता करताय. च्यायला, एवढी वर्षं मी तुम्हाला ओळखतो. तुम्ही तवा तसं करणार न्हाई."

हा घाव मला अपेक्षित नव्हता. मी खोटा होतो तेव्हा त्यांचा विश्वास बसला, आणि खरं बोलायला लागलो तर बसेना. आणि तो न बसण्याचं कारण, मी चांगला माणूस आहे ही त्यांची खात्री. 

नातू म्हणाला, "आबा, आज्जीची पत्रिका आहे का घरात?"

"हाय की. देवघरात."

"आणा."

दाजी उठून गेले आणि लाल फडक्यात गुंडाळलेली पत्रिका घेऊन आले. माझंच अक्षर, शाई तपकिरी झालेली. नातवानं खिशातून मोबाइल काढला. "आता वाचा. तारीख, वेळ, गाव. मास्तर आजोबांना विचारू नका. कागदावर जे लिहिलंय तेच वाचा."

दाजींनी कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचलं. मी माझ्या हातानं लिहिलेली खरी जन्मवेळ. नातवानं ती घातली, गाव घातलं कोल्हापूर. मला माहीत होतं काय होणार. मोबाइलला मंगळाची भीती नाही. तो गावाचा रेखांश घेतो आणि स्थानिक वेळ आपणच काढतो. नातवानं मोबाइल दाजींसमोर धरला.

"कर्क," नातू म्हणाला. "हे बघा. पहिल्या घरात गुरू. सातव्यात मंगळ. पाहिजे तर पुन्हा घाला."

दाजींनी पुन्हा घालायला लावलं. मग म्हणाले, "गाव इचलकरंजी घाल." त्यानं घातलं. कर्कच आली. "आता मुंबई." कर्कच. मी म्हणालो, "दाजी, मुंबई जवळच आहे रेखांशानं." ते म्हणाले, "गप बसा तुम्ही," आणि खुर्चीत मागं टेकले.

मग ते हळूहळू मान वळवून माझ्या बहिणीकडे बघायला लागले. ती कोथिंबिरीचे देठ मोडत होती.

"म्हंजे," दाजी म्हणाले, "मी अठ्ठेचाळीस वर्षं वाचलो कसा?"

"मी मारलं न्हाई म्हणून," बहीण म्हणाली.

नातू आधी हसला. मग दाजींचं पोट हलायला लागलं, आणि ते अपेंडिक्सची जुनी शिवण हातानं दाबून हसले. मला हसू येत होतं आणि रडूही. शेवटी मी रडलो. बहिणीनं देठांची परात बाजूला ठेवली.

"दादा, काय रे हे? म्हातारपणी."

"मी तुला साधी म्हणालो होतो," मी म्हणालो. "तू विचारलं होतंस. मी साधी म्हणालो."

तिला आठवत नव्हतं. ओला कपडा, टपकणारं पाणी, काहीच आठवत नव्हतं. मी तो शिक्षिकेचा कोर्स काढला. ती म्हणाली, "तो व्हय! तो मी पत्रिकेनं न्हाई सोडला. मला पोरांपुढं खडूनं लिहायचं म्हणलं की घाम फुटायचा. तुला बघून बघून कंटाळा आलता मास्तरकीचा. लग्न झालं, सुटले. नशिबाचं म्हणाले असेन, काहीतरी सांगायला पायजे न्हवं माणसांना."

 इतकी वर्षं मी वाहिलेलं ओझं तिनं कधी उचललंच नव्हतं. ती माझ्या समाधानासाठी बोलत होती का, हे मी तिच्या तोंडाकडे बघून पडताळलं. ती तशी बोलत नाही. कधीच बोललेली नाही.

"आणि तुला राग?" मी विचारलं.

"आला की," ती म्हणाली. "मंगळ होता तर सांगायचं. ह्यांना जरा धाकात ठेवलं असतं."

पण दाजी अजून पुरते वळले नव्हते. ते म्हणाले, "हिला गुरू राखणारा होता. तुम्हीच म्हणालात, गुरूची नजर. त्या पोरीच्या मंगळावर हाय का गुरूची नजर?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती. सोपी होती. मी म्हणालो, "नाही. गुरू तिच्या बाराव्यात आहे, मेषेत. तिथून वृश्चिकेवर दृष्टी पडत नाही. पण मंगळ तिचा स्वतःच्या राशीत आहे. घरचा धनी स्वतःच्या घरात बसला आहे. तो त्या घराचं नुकसान कशाला करील? एवढंच मला सांगता येतं. याच्यापेक्षा जास्त कुणी सांगितलं तर तो माझ्यासारखाच, अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीच्या."

दाजींनी देवघरातली ती पत्रिका पुन्हा लाल फडक्यात गुंडाळली. मग नातवाला म्हणाले, "रविवारी कागलला जाऊ या. गाडी सांग."

रविवारी आम्ही गेलो. मलाही यावंच लागेल असं दाजींचं म्हणणं होतं, "तुम्ही आणखी काय लपवून ठेवलं नसलं तर चला." मुलीचं घर रस्त्यापासून आत, मागं उसाचं शिवार. वडील शेतकरी, बोलायला मोकळे, पण त्या दिवशी ते अंग चोरून बसले होते. चहा आला. त्यांनी कप उचलला नाही.

"पावणं," ते म्हणाले, "पत्रिकेत काय हाय ते तुम्हाला कळलं असंल. मंगळ हाय. आम्ही लपवलं न्हाई. एक जण म्हणला होता, वेळ जराशी मागंपुढं करून देतो, सातव्यातनं आठ दिवसांत काढून टाकतो. म्हणलं नको. पोरगी जशी हाय तशी कुणी घेत असंल तर घेऊ दे. न्हाई तर ऱ्हाऊ दे इथंच, माझं काय ओझं न्हाई ती."

मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती आमच्याकडे बघत नव्हती, वडिलांकडे बघत होती.

दाजींनी घसा साफ केला. "आमच्याकडं पण हाय की," ते म्हणाले आणि बहिणीकडं बोट केलं. "सातव्यात. उच्चीचा. तुमच्या पोरीचा तर नुसता घरचा हाय."

मुलीच्या वडिलांनी बहिणीकडं पाहिलं, मग दाजींकडं, वरपासून खालपर्यंत, जिवंत आहेत का हे बघितल्यासारखं.

"खरं म्हणता?"

"खरं. मला परवाच कळलं."

मग मला गप्प बसवेना. त्या माणसानं जे नको म्हटलं होतं, ते मी केलं होतं, आणि त्याच्या घरात त्याचा चहा घेऊन हे न सांगता बसणं मला जमेना. मी म्हणालो, "तुम्ही ज्याला नको म्हणालात, तसा एक जण आमच्या घरी पण होता. त्यानं हिचा मंगळ लपवला. तो मी."

त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बहिणीसाठी?"

"बहिणीसाठी."

"अवो, मग घ्या की च्या. गार होतोय," तो म्हणाला, आणि स्वतःचा कप उचलून पहिला घोट घेतला.

साखरपुडा माघात ठरला. मुहूर्त काढायला मलाच सांगितलं आहे. कागलच्या मुलीनं मात्र अट घातली, गणित कागदावर करून दाखवायचं, तिच्यासमोर. मी हो म्हणालो.